ईसीजी नॉर्मल, दुखणंही थांबलेलं; मग सीटीची घाई कशाला?

वाचकाचे पत्र:

"माझे वडील ५८ वर्षांचे, शेती करतात. बीपीची गोळी आठवली तर घ्यायची, असा त्यांचा हिशेब. दीड महिन्यापूर्वी पहाटे गोठ्यात वैरण टाकताना पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, एकदम कळ आली आणि ते घामाघूम होऊन खाली बसले. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. तरी हार्टचं असू शकतं म्हणून गोळ्या आणि इंजेक्शन देऊन शहरात पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता सीटी अँजिओ करा. तोवर बाबांचं दुखणं जवळजवळ थांबलं होतं. काका म्हणाले, ईसीजी नॉर्मल, हार्टची रक्ततपासणी नॉर्मल, किडनीचं क्रिएटिनिन मात्र वाढलेलं. सीटीचा डाय टोचून किडनी घालवायची आहे का? उद्या आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवू. मी त्यांच्याशी भांडून सही केली. महाधमनीचं डिसेक्शन निघालं, बी टाइप. ऑपरेशन लागलं नाही, नऊ दिवसांनी बाबा गोळ्यांवर घरी आले. आता काका सगळ्यांना सांगतात, गोळ्यांवरच भागायचं होतं तर एवढी घाई कशाला, हिने घाबरून पैसे घातले. डॉक्टरांनी पुन्हा सीटी सांगितलाय. बाबांचा काकांवर विश्वास, ते नको म्हणतात. काका स्वतः बीपीचे पेशंट आहेत, विडी ओढतात. मी चुकले का? आणि बाबांना कसं समजावू?"
— सातारा जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर:

तुम्ही चुकला नाहीत. पण माझ्या एवढ्या सांगण्याने काकांचं समाधान होणार नाही. कारण त्यांचा प्रश्न बिनबुडाचा नाही. उपचार शेवटी गोळ्यांवरच आला, मग तासाभराची घाई कशासाठी, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या कागदांतच आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

शहरातल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा केस पेपर पुन्हा काढून बघा. घाईघाईत लिहिलेल्या चार ओळी आहेत. पहिली, दुखणं ५.५० ला अचानक सुरू, सुरुवातीलाच सर्वांत तीव्र. दुसरी, पाठीतून कमरेकडे सरकलं. तिसरी, बीपी उजव्या हाताला १९०/१०४, डाव्या हाताला १५२/९०. आणि चौथी, हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णय सीटीनंतर. ज्या डॉक्टरांनी हे लिहिलं त्यांनी सीटी सांगण्याआधीच निम्मं निदान केलेलं होतं. या चारही ओळी काकांना वाचून दाखवाव्यात अशा आहेत, पण प्रत्येकीचा अर्थ कळला तरच.

हृदयातून निघणारी महाधमनी छातीत वर चढते, मानेखाली कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते. तिची भिंत तीन थरांची असते. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीचा मारा सोसून आतल्या थराला चीर पडली, की रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसतं आणि भिंत उभी सोलत पुढे जातं. तव्यावर भाकरी फुगताना पापुद्रा सुटतो ना, तसा हा थर सुटतो. फरक इतकाच, की इथे हवेऐवजी प्रत्येक ठोक्यासरशी दाबाखालचं रक्त आत शिरत असतं. एका वाहिनीच्या दोन वाहिन्या होतात, एक खरी आणि एक खोटी. यालाच डिसेक्शन म्हणतात. मेंदूकडे, हातांकडे, किडन्यांकडे, आतड्यांकडे आणि पायांकडे जाणाऱ्या सगळ्या फांद्या याच महाधमनीतून फुटतात. सुटलेला पापुद्रा ज्या फांदीच्या तोंडावर येईल, तिचं रक्त कमी होतं. बाबांच्या डाव्या हाताचं बीपी उजव्यापेक्षा ३८ ने कमी होतं ते यामुळेच. रिपोर्टमध्ये लिहिलंय, की पापुद्रा डाव्या हाताच्या वाहिनीच्या तोंडापर्यंत आलेला होता. दोन हातांत २० पेक्षा जास्त फरक दिसला आणि सोबत असं दुखणं असलं, तर डॉक्टर सावध होतात. दुर्दैवाने गर्दीच्या कॅज्युअल्टीत बहुतेक वेळा एकाच हाताला पट्टा बांधला जातो.

आता दुखण्याबद्दल. हार्ट अटॅकचं दुखणं बहुधा चढत जातं, छातीवर दडपण आल्यासारखं वाटतं, काही मिनिटांत वाढतं. डिसेक्शनचं दुखणं एका क्षणात येतं आणि पहिल्याच क्षणी कळसाला असतं. रुग्ण काय करत होता ते नेमकं सांगतो: वैरणीची पेंढी उचलली आणि कळ आली, तांब्या खाली ठेवला आणि कळ आली. पुष्कळ पुस्तकांत 'फाटल्यासारखं दुखतं' असं लिहिलेलं असतं आणि रुग्णाने तसे शब्द वापरले नाहीत की निदान मागे पडतं. १९९६ पासून अनेक देशांतली रुग्णालयं मिळून या आजाराची एक मोठी नोंदवही ठेवतात. तिच्यातल्या पहिल्या ४६४ रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांनीच 'फाटल्यासारखं' म्हटलं होतं, त्याहून जास्त जणांनी 'सुरी खुपसल्यासारखं' म्हटलं. पण अचानक आलं असं दर दहातल्या साडेआठ जणांनी सांगितलं आणि सोसवेना इतकं होतं असं नऊ जणांनी. म्हणून दुखणं कसं आहे यापेक्षा ते कसं सुरू झालं, हे विचारणं जास्त कामाचं. शिवाय ते जागा बदलतं. छातीतून पाठीत, पाठीतून कमरेत किंवा पोटात उतरतं, कारण चीर तशी पुढे सरकत असते.

काकांचा सगळा भरवसा ज्यावर होता तो ईसीजी. ईसीजी हृदयाच्या स्नायूतल्या विजेचा आलेख आहे. महाधमनी हृदयाच्या बाहेर असते, ती फाटली तरी त्या कागदावर काही उमटेलच असं नाही. त्याच नोंदवहीत दहातल्या तिघांचा ईसीजी पूर्ण नॉर्मल होता आणि बाकीच्यांतही अनेकांचे बदल जुन्या बीपीमुळे जाड झालेल्या हृदयाचे होते, जसे तुमच्या बाबांच्या दुसऱ्या ईसीजीत आहेत. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही हृदयाच्या स्नायूचीच. ती नॉर्मल येणं म्हणजे हृदयाचा स्नायू मेलेला नाही, एवढंच. तेव्हा 'ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल' हे काकांनी सीटी न करण्याचं कारण म्हणून सांगितलं, पण इतकी भयंकर कळ, घाम, चढलेलं बीपी आणि तरी हार्टच्या तपासण्या स्वच्छ, हीच गोष्ट डॉक्टरांना महाधमनीकडे बोट दाखवत होती. छातीचा साधा एक्स-रेही पुरत नाही. त्यात कधी महाधमनीची सावली रुंद दिसते, पण दर आठ रुग्णांतल्या एकाचा एक्स-रे पूर्ण स्वच्छ असतो.

दुखणं थांबलं होतं, हा त्यांचा दुसरा आधार. एक तर गावात बाबांना वेदनाशामक इंजेक्शन मिळालं होतं, ते केस पेपरवर आहे. दुसरं, भिंत सोलली जात असते तोवर दुखतं. सोलणं काही काळ थांबलं की दुखणं ओसरतं. पुन्हा बीपी चढलं की पुन्हा सुरू होऊ शकतं. कधी मधल्या त्या शांत तासांतच बाहेरचा थर फुटतो, आणि मग हाताशी फार काही उरत नाही. म्हणून अचानक आलेली भयंकर कळ आपोआप ओसरली याचा दिलासा मानू नका. सुरुवात कशी झाली होती, तेच पुन्हा पुन्हा सांगा.

आता मूळ मुद्दा, ऑपरेशन लागलंच नाही तर घाई का. डिसेक्शनचे दोन प्रकार करतात. हृदयातून वर चढणाऱ्या भागात चीर गेली असेल तर ए, तो भाग चिरेपासून वाचला असेल तर बी. ए टाइपमध्ये रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचू शकतं, हृदयाची झडप गळू शकते, मेंदूकडच्या वाहिन्या बंद होऊ शकतात. तिथे तातडीने छाती उघडून तो भाग बदलावा लागतो. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया झाली नाही तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातला एक ते दोन दगावतात, अशी जुनी आकडेवारी आहे. अलीकडच्या नोंदींत हे प्रमाण तासाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलंय, पण ते अजूनही तासांतच मोजावं लागतं. बी टाइपमध्ये मात्र, कुठल्या अवयवाचं रक्त तुटलेलं नसेल आणि भिंत गळत नसेल, तर औषधांवर ठेवणं हाच पहिला उपचार.

कॉटवर पडलेल्या माणसाकडे बघून ए की बी हे कुणालाही छातीठोक सांगता येत नाही. बाबांच्या हातांतला फरक पाहून डॉक्टरांना ए टाइपचीच भीती वाटली असणार, आणि ती रास्त होती. सीटी झाला नसता तर 'ऑपरेशन लागत नाही' हे तुम्हाला कळलं नसतं. काका आज ज्या माहितीच्या जोरावर घाईला नावं ठेवतात, ती माहिती त्या घाईनेच दिलेली आहे.

दुसरी गोष्ट त्या चौथ्या ओळीत आहे. गावच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा सुरुवातीचा मोठा डोस दिला होता. त्यांचं काही चुकलं नाही. हार्ट अटॅक डिसेक्शनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो आणि सीटी नसलेल्या ठिकाणी त्यांनी जास्त शक्यतेचा उपचार केला. पण पुढची पायरी असते हेपारिन, आणि ईसीजीत अटॅक दिसला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी असेल तर ही औषधं जीव वाचवतात. महाधमनीची भिंत सोललेली असेल तर हीच औषधं रक्त थांबू देत नाहीत. त्यात ए टाइपची चीर कधी कधी हृदयाच्या वाहिनीच्या तोंडावर जाते आणि ईसीजीत खरोखरच अटॅकसारखे बदल येतात, ट्रोपोनिनही वाढतं. अशा वेळी फसायला होतं. शहरातल्या डॉक्टरांनी हेपारिन हातात धरून ठेवलं आणि आधी फोटो मागितला. माझ्या मते बाबांच्या केसमधला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, आणि हेपारिन द्यायचं की नाही, हे तासभरच लांबवता येण्यासारखं होतं. उद्यापर्यंत माणसाला ना हा उपचार ना तो, असं ठेवता येत नाही.

तिसरी गोष्ट, बी टाइपचा 'गोळ्यांचा' उपचार गोळ्यांनी सुरू होतच नाही. रिपोर्ट फोनवर कळताच बाबांना आयसीयूत शिरेतून नाडी आणि बीपी दोन्ही उतरवणारं लॅबेटालॉल सुरू केलं. आधी नाडी साठच्या खाली, मग वरचं बीपी १०० ते १२० च्या दरम्यान, असं उद्दिष्ट ठेवतात. हा क्रम ठरलेला असतो. फक्त बीपी उतरवणारं औषध आधी दिलं तर हृदय जोरात धडधडायला लागतं आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का चिरेवर बसतो. आयसीयूच्या चार्टवर दुपारपर्यंत बीपी १९० वरून ११६ वर आणि नाडी ९८ वरून ५८ वर आलेली दिसते. काका ज्याला 'गोळ्यांवर बरं झालं' म्हणतात, ते हे आहे. सीटी दुसऱ्या दिवशी झाला असता तर मधली रात्र १९० च्या दाबाखाली गेली असती.

किडनीची भीती मी उडवून लावत नाही. डायचा किडनीवर परिणाम होऊ शकतो, विशेषतः ती आधीच बरीच कमकुवत असेल तर. पण हा धोका पूर्वी वाटत होता त्यापेक्षा कमी आहे असं आता दिसून आलंय, आणि डिसेक्शनच्या संशयात क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठीही सीटी थांबवत नाहीत. इथे काकांनी एक शक्यता लक्षात घेतली नाही. क्रिएटिनिन १.६ का होतं? पापुद्रा किडनीच्या वाहिनीवर आला की किडनीचं रक्त तुटतं आणि क्रिएटिनिन वाढतं. म्हणजे तो आकडा सीटी टाळायचं नव्हे, तर तातडीने करायचं कारणही असू शकतो. बाबांच्या बाबतीत दोन्ही किडन्यांना खऱ्या वाहिनीतून रक्त मिळत असल्याचं दिसलं आणि घरी सोडताना क्रिएटिनिन १.३ होतं.

ज्यांच्या घरी हा प्रसंग अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी त्या तपासणीबद्दल थोडं. शक्यतो उजव्या हाताच्या कोपरापाशी जाड सुई लावतात, कारण डावीकडून डाय सोडला तर कमानीसमोरची शीर चकाकते आणि नेमका हवा तो भाग झाकोळतो. आधी डायशिवाय एक फेरी होते. तिच्यात भिंतीत साकळलेलं रक्त दिसतं. मग ऐंशी ते शंभर मिलिलीटर डाय सोडून मानेपासून जांघेपर्यंत दुसरी. अंगभर गरम वाटतं, लघवीला झाल्यासारखं वाटतं, ते अर्ध्या मिनिटात जातं. टेबलावर चढण्या-उतरण्यासकट वीसेक मिनिटांचं काम. फोटोत वाहिनीच्या पोकळीत तिरकी रेघ दिसते, तोच पापुद्रा. एमआरआयही हे अचूक दाखवतो, पण त्याला वेळ लागतो आणि अस्थिर रुग्णाला त्या बोगद्यात ठेवणं धोक्याचं. छातीवरून केलेली साधी टू-डी इको दोन मिनिटांत कॉटवर होते आणि त्यात काही दिसलं तर फार उपयोगी. काही दिसलं नाही, तर त्यावर विसंबता येत नाही.

मग प्रत्येक छातीदुखीला सीटी करायचा का? अजिबात नाही. हा आजार लाखात वर्षाला काही मोजक्यांना होतो, आणि दर छातीदुखीला सीटी काढला तर पैसा, किरणं आणि डाय सगळंच वाया जाईल. कट प्रॅक्टिसचे अनुभव लोकांनी घेतलेले आहेत, त्यामुळे काकांचा संशय कुठून आला हे मला समजतं. पण संशय फेडायला दुसऱ्या दिवसाची गरज नसते. डॉक्टरांना तिथेच विचारायचं: तुम्हाला कशाची शंका आहे आणि कशावरून? चांगला डॉक्टर अर्ध्या मिनिटात उत्तर देतो. त्याने तीन बाजू पाहिलेल्या असतात. पहिली, माणूस जोखमीचा आहे का: महाधमनी आधीच फुगलेली असणं, घरात कुणाला हा आजार असणं, झडपेचा जन्मजात दोष, मार्फनसारखा उंच-किडकिडीत अंगलटीचा आनुवंशिक आजार. दुसरी, दुखणं अचानक, तीव्र, फाडल्यासारखं आहे का. तिसरी, तपासताना काही सापडलं का: एखादी नाडी हरवलेली, हातांच्या बीपीत फरक, दुखण्याबरोबर हातपाय लुळा पडणं, झडप गळल्याचा नवा आवाज, बीपी कोसळणं. यातल्या दोन बाजू जुळल्या तर थेट सीटी. एखादीच जुळली किंवा एकही नाही, पण शंका आहे, तर डी-डायमर नावाची रक्ततपासणी करतात आणि ती ५०० च्या आत आली तर बहुतेक वेळा सीटी टाळता येतो. बाबांच्या दोन बाजू जुळत होत्या. म्हणून त्यांना डी-डायमरच्या वाटेने नेलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर कॅज्युअल्टीत शिरताना 'छातीत दुखतंय, गॅस असेल' असं म्हणू नका. असं सांगा: "अमुक वाजता, अमुक करताना एका क्षणात कळ आली, पहिल्याच क्षणी सर्वांत जास्त होती, आता इथून इथे उतरली आहे. बीपीचे पेशंट आहेत, गोळी इतक्या दिवसांपासून बंद आहे." दोन्ही हातांचं बीपी घ्यायची विनंती करा. जिभेखालची गोळी, अ‍ॅस्पिरिन, इंजेक्शन, जे काही वाटेत दिलं असेल त्याची पाकिटं सोबत न्या. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा, आणि रात्री सीटी चालू असतो असं हॉस्पिटल कुठलं, हे आजच माहीत करून घ्या. ते जवळचं नसेना का. सीटी नसलेल्या दोन ठिकाणी थांबत जाण्यात जितका वेळ जातो, तितका लांबच्या रस्त्यालाही जात नाही.

आता बाबा आणि काका. बाबांना समजावताना 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणू नका, रिपोर्टमधला आकडा दाखवा. छातीतली महाधमनी सर्वांत रुंद जागी ३८ मिलिमीटर आहे. दुखणं गेलं तरी खोटी वाहिनी गेलेली नाही, तिच्यात अजून रक्त खेळतंय आणि तिची भिंत पातळ आहे. पुष्कळ रुग्णांत ती पुढच्या काही वर्षांत हळूहळू फुगते, काहीही न दुखता. ५५ मिलिमीटरच्या आसपास गेली किंवा झपाट्याने वाढू लागली तर आतून स्टेंट बसवायचा विचार करतात. ती ३८ च आहे की ४४ झाली, हे फोटोशिवाय कुणालाच कळणार नाही. म्हणून पहिल्या वर्षात दोन-तीनदा आणि मग वर्षातून एकदा फोटो काढतात. यावेळी घाई नाही, त्यामुळे इथे तुमच्या हातात पर्याय आहेत. डायची धास्ती असेल तर एमआरआयवर चालेल का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कागद दाखवून दुसरं मत घ्यायचं असेल तर तेही आताच घ्या. काकांची 'उद्या विचारून ठरवू' ही सूचना त्या सकाळी घातक ठरली असती, आज ती अगदी योग्य आहे.

बाबांची गोळी मात्र 'आठवली तर' चालणार नाही. घरी बीपीचं यंत्र घ्या, उजव्या हाताला मोजा, कारण डाव्या हाताचा आकडा आता खोटा दिलासा देईल. १३० च्या आत ठेवायचं. पोतं उचलणं, मोटर ओढणं आणि संडासला कुंथणं बंद. आणखी एक गोष्ट औषधाच्या दुकानाशी संबंधित आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स जुलाबाला, लघवीच्या जळजळीला आपल्याकडे सर्रास दिली जातात. महाधमनीच्या रुग्णांत ती शक्यतो टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिलेला आहे. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ही तीन नावं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काकांची मला बाबांइतकीच काळजी वाटते. बीपी, विडी आणि सख्ख्या भावाला डिसेक्शन, या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे आहेत. त्या नोंदवहीतल्या दर दहातल्या सातांना बीपीच होतं. अमेरिकेतले नट जॉन रिटर ११ सप्टेंबर २००३ ला चित्रीकरणाच्या ठिकाणी आजारी पडले. हार्ट अटॅक समजून उपचार झाले आणि त्याच रात्री ५४ व्या वर्षी ते गेले. आजार महाधमनीच्या डिसेक्शनचा होता, हे नंतर कळलं. पुढे त्यांच्या भावाने तपासून घेतलं तेव्हा त्याचीही महाधमनी फुगलेली निघाली आणि वेळेत शस्त्रक्रिया होऊन तो वाचला. रक्ताच्या नात्यातल्यांनी एकदा तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. काकांना ताबडतोब सीटीच्या टेबलावर झोपवायची गरज नाही. आधी टू-डी इको करून महाधमनीची मुळाजवळची रुंदी आणि झडप बघता येते. त्यात शंका आली किंवा घराण्यात आणखी कुणी असेल, तर पुढची तपासणी. तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही एक इको होऊ द्या. तुम्ही बाळाचा विचार करत असाल तर तो त्याआधीच करा, कारण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर काही आठवडे महाधमनीवर जादा ताण असतो.

त्या इकोला काकांना तुम्ही नेऊ नका, बाबांना नेऊ द्या. दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे, तुमच्या भांडणात तो कशाला खर्च करायचा? आणि जाताना त्यांना एक प्रश्न विचारायला सांगा, तुम्हीही आत्याला विचारा: आजोबा किंवा त्यांचे भाऊ कसे गेले? 'उभ्या उभ्या कोसळले, अटॅक आला' असं उत्तर घराघरांत मिळतं, आणि शवविच्छेदन झालेलं नसतं. पन्नास-साठीच्या आत असं कुणी गेलं असेल, तर नात्यासकट, वयासकट ती ओळ इकोच्या डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर लिहा. पुढची तपासणी इकोवर थांबवायची की सीटीपर्यंत न्यायची, हे बऱ्याच अंशी त्या ओळीवर ठरेल.